बोंझूरपासून अजिंठ्यापर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात संध्याकाळी फ्रेंच जोडपं उतरतं. रात्रीचं जेवण हॉटेलातच, दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंठा. एवढ्या वेळात रिसेप्शनवरच्या माणसाला, वेटरला आणि गाइडला किती फ्रेंच यावी लागते? साठ-सत्तर वाक्यं पुरतात. मात्र ती बोलता येण्याइतकंच त्यांचं उत्तर कळणंही महत्त्वाचं आहे, आणि खरी गडबड तिथेच होते.

पहिला शब्द ‘बोंझूर’. यातला ‘झ’ इंग्रजी ‘प्लेझर’मधल्यासारखा. संध्याकाळ झाली की ‘बोंस्वार’. ‘बॉन न्युई’ मात्र झोपायला जाणाऱ्यालाच म्हणतात, जेवायला आलेल्याला नाही. फ्रान्समध्ये दुकानात किंवा उपाहारगृहात शिरताना नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं मानतात. म्हणून ‘पासपोर्ट द्या’च्या आधी ‘बोंस्वार मादाम, बोंस्वार मस्यो’ हवंच. तरुण मुलगी असली तरी ‘मादाम’च म्हणा. ‘मादमुआझेल’ हा शब्द फ्रेंच सरकारने 2012 साली आपल्या अर्जांवरूनही काढायला सांगितला. ‘तू’साठी ‘त्यू’ आणि ‘तुम्ही’साठी ‘वू’ असा भेद तिथेही आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. पाहुण्याला नेहमी ‘वू’.

मग खोलीचा नंबर. समजा, 294. फ्रान्सचा माणूस म्हणेल, ‘द साँ कात्र-वँ-कातोर्झ’, म्हणजे दोनशे, चार विसा आणि चौदा. आपल्याकडची जुनी माणसं ‘चार विसा’ म्हणून ऐंशी मोजत, तसाच हा हिशेब. नवखा कर्मचारी ‘कात्र-वँ’ ऐकून 280 लिहून टाकतो आणि पुढचे चौदा हवेत विरतात. सत्तरलाही ‘साठ-दहा’ म्हणतात. पाहुणा बेल्जियमचा किंवा स्वित्झर्लंडचा असेल तर तो सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ म्हणेल, ते उलट सोपं. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे सकाळी उठवायची वेळ. ‘सी-झर’ म्हणजे सहा वाजता आणि ‘दी-झर’ म्हणजे दहा वाजता. फरक एका व्यंजनाचा, आणि तेवढ्याने अजिंठ्याची सकाळ हुकू शकते. म्हणून आकडा तोंडी पक्का करू नका. कागद पुढे करून ‘व्हू पुव्हे लेक्रीर, सिल व्हू प्ले?’ म्हणजे ‘लिहून देता का?’ असं विचारा. (‘वू’ आणि ‘व्हू’ हे एकाच सर्वनामाचे मराठीतले दोन अवतार, कुठलाही चालतो.)

जेवणाच्या वेळांचे शब्दही जपून वापरायचे. फ्रान्समध्ये ‘प्ती देजने’ ही न्याहारी, ‘देजने’ हे दुपारचं आणि ‘दिने’ हे रात्रीचं जेवण. कॅनडातल्या क्वेबेकचा माणूस मात्र ‘देजने’ म्हणतो न्याहारीला, ‘दिने’ दुपारच्या जेवणाला आणि रात्रीच्या जेवणाला ‘सुपे’. त्याने ‘दिने’साठी टेबल राखून ठेवायला सांगितलं तर वेळही विचारून घ्यावी, नाहीतर तो दुपारी येऊन उभा राहील. मेन्यूवरचा ‘आंत्रे’ म्हणजे फ्रेंच पाहुण्याच्या लेखी सुरुवातीचा छोटा पदार्थ, तर अमेरिकन माणसाच्या लेखी मुख्य जेवण. दोघांना एकच मेन्यू देणाऱ्या हॉटेलने हा शब्द न छापलेलाच बरा.

टेबलावर पहिला प्रश्न पाण्याचा. ‘ओ प्लात’ म्हणजे साधं पाणी, ‘ओ गाझझ’ म्हणजे फसफसणारं. फ्रेंच माणसाला घरच्या सवयीने ‘काराफ दो’, म्हणजे नळाच्या फुकट पाण्याचा जग मागावासा वाटतो. इथे त्याला सीलबंद बाटली दाखवून ‘ओ आँ बुतेय’ म्हणावं, तो खूशच होतो. पुढचा प्रश्न तिखटाचा. ‘एपिसे’ म्हणजे मसालेदार आणि ‘पिकाँ’ म्हणजे तिखट. गंमत अशी की बरेच पाहुणे तिखटालाही ‘एपिसे’च म्हणतात. ‘पा त्रो एपिसे’ ऐकून आचाऱ्याने मसाला काढला आणि मिरची ठेवली, तर ताट परत येणार. वेटरने विचारावं, ‘पिकाँ, अँ प पिकाँ, उ पा द्यु तू?’, म्हणजे तिखट, थोडं तिखट की अजिबात नाही? मिरचीच नको असेल तर ‘साँ पिमाँ’. मासे वाढणाऱ्यांनी आणखी एक जोडी पाठ करावी: ‘पुआसों’ म्हणजे मासा, ‘पुआझों’ म्हणजे विष. इथे ‘स’ स्वच्छ उच्चारला नाही, तर टेबलावर हशा पिकतो.

वाढताना ‘आंकोर द्यु री?’ म्हणजे ‘आणखी भात?’ असं विचारलं आणि पाहुणा नुसतं ‘मेर्सी’ म्हणाला, तर बहुधा त्याला नको आहे. आपला वेटर आभार समजून वाढत राहतो. हाताकडे पाहावं, तळवा वर आला की थांबावं. हवं असेल तर तो ‘वुई, मेर्सी’ म्हणेल किंवा ‘वोलोंतिये’, म्हणजे आनंदाने घेईन. आपली डावी-उजवी मान हलवणं मात्र त्याला ‘नाही’ वाटतं, म्हणून तोंडाने ‘वुई’ म्हणावं. बिलही न मागता टेबलावर ठेवू नये. तिकडे त्याचा अर्थ ‘आता उठा’ असा होतो. ‘लादिस्यों’ मागितलं की आणायचं. खोली सोडतानाचं बिल मात्र ‘ला नोत’.

सकाळचा गाइड. शहरापासून अजिंठा सुमारे 100 किलोमीटर, त्यामुळे गाडीत बोलायला वेळ भरपूर असतो. लेणी म्हणजे ‘ग्रोत’, पहिलं लेणं म्हणजे ‘ग्रोत न्युमेरो अँ’. पायरी आली की ‘आतांस्यों आ ला मार्श’, दार ठेंगणं असेल तर ‘आतांस्यों आ ला तेत’. चपला काढायला ‘आंलव्हे व्हो शोस्युर’, फोटोसाठी ‘साँ फ्लाश’. पद्मपाणी दाखवताना पाहुणा ‘फ्रेस्क’ म्हणेल. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर नाहीत, कोरड्यावर रंगवलेली आहेत, त्यामुळे ‘पँत्युर म्युराल’, म्हणजे भित्तिचित्रं, हा शब्द अचूक. चांगला गाइड तो स्वतः वापरतो, पाहुण्याला दुरुस्त करत बसत नाही. चित्रातला वरचा-खालचा भाग दाखवताना ‘दस्यु’ आणि ‘दसू’ हे शब्द टाळावेत. पहिला वर, दुसरा खाली. फरक एका स्वराचा, जो आपल्या तोंडात सहज बसत नाही. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आत ‘ई’ म्हटला की पहिला जमतो. तोवर ‘आँ ओ’ म्हणजे वर आणि ‘आँ बा’ म्हणजे खाली. काळ सांगताना शतक म्हणजे ‘सिएक्ल’. जुनी लेणी ‘द्युझिएम सिएक्ल आव्हाँ झेझ्यू-क्रिस्त’, इसवी सनापूर्वी दुसरं शतक. पद्मपाणीचं लेणं ‘सँकिएम सिएक्ल’, पाचवं.

प्रश्न कळला नाही तर ‘वुई, वुई’ म्हणत मान डोलावण्यापेक्षा ‘प्लु लांतमाँ, सिल व्हू प्ले’, जरा सावकाश बोला, असं म्हणावं. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी एक वाक्य सांगून ठेवावंच: सोमवारी अजिंठा बंद, ‘से फेर्मे ल लँदी’, आणि मंगळवारी वेरूळ बंद, ‘से फेर्मे ल मार्दी’.