जैसे थे

प्रोग्रॅमिंग शिकताना एक सराव हमखास येतो: मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज करा. म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकड्यांची पहिली आडवी ओळ उभी करून तिचा पहिला रकाना करायचा, दुसरीचा दुसरा. अट एकच, दुसरं मॅट्रिक्स घ्यायचं नाही. आहे त्याच जागेत आकडे फिरवायचे. पायथॉनमध्ये बहुतेक जण पहिल्या झटक्यात असं लिहितात:

```
for i in range(3):
    for j in range(3):
        a[i][j], a[j][i] = a[j][i], a[i][j]
```

प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही आणि उत्तर म्हणून मूळ मॅट्रिक्सच समोर येतं. मग माणूस भलतीकडे शोधत बसतो: फंक्शन चाललंच नाही का, की जुनीच फाइल उघडली?

बाहेरच्या लूपची एकेक फेरी झाली की मॅट्रिक्स छापून पाहावं. सुरुवातीला ओळी आहेत 1 2 3, 4 5 6, 7 8 9. पहिल्या फेरीनंतर दिसतं:

```
1 4 7
2 5 6
3 8 9
```

अगदी बरोबर! 2 आणि 4 नी जागा बदलल्या, 3 आणि 7 नीही. पण दुसरी फेरी सुरू होताच प्रोग्रॅम दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या घरात येतो, तिथे आता 2 बसलेला असतो. त्याची पहिल्या ओळीतल्या 4 शी पुन्हा अदलाबदल होते आणि दोघे आपापल्या घरी परततात. याच फेरीत 6 आणि 8 जागा बदलतात, तर तिसरी फेरी 3-7 आणि 6-8 या दोन्ही जोड्या परत पाठवते. प्रत्येक जोडी दोनदा भेटते, एकदा या बाजूने, एकदा त्या. कर्णावरचे 1, 5, 9 तर स्वतःशीच जागा बदलत असतात.

ही चूक येते कुठून? सवयीतून. उत्तर वेगळ्या मॅट्रिक्समध्ये लिहायचं असेल, तर सगळ्या नऊ घरांतून जावंच लागतं. तेच लूप इथे उचलले जातात. इथे मात्र कर्णाच्या वरची तीनच घरं पुरतात. म्हणून आतल्या लूपची ओळ बदलायची:

```
for j in range(i + 1, 3):
```

चार बाय चारला अशा सहा अदलाबदली लागतात, दहा बाय दहाला पंचेचाळीस. ओळी आणि रकाने सारखे नसतील, तर ही युक्ती चालत नाही. अदलाबदलीला समोरचं घरच नसतं.

चाचणी घेतानाही फसगत होते. दोनदा ट्रान्सपोज केलं की मूळ मॅट्रिक्स मिळतं हा नियम खरा, पण त्यावर बेतलेल्या चाचणीत हा काहीच न करणारा कोडही पास होतो. त्यापेक्षा 1 ते 9 भरा, एकदाच ट्रान्सपोज करा आणि पहिल्या ओळीत 1 4 7 आले का ते बघा.