एक शून्य, दहापट चूक : बाजारभावाची बातमी लिहिणाऱ्याचे अप्रेझल करायचे कसे?

पुणे : मार्केट यार्डातील भाजीपाल्याच्या भावाची बातमी दिसायला सोपी असते. आवक किती, भाव किती, तेजी की मंदी, एवढेच. पण ती लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे वर्षाअखेरचे मूल्यमापन करताना अनेक डेस्कवर गोंधळ उडतो. अचूकता, वेळ, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि स्वतःचे लेखन हे चार निकष कागदावर असतात. मोजायचे कसे, ते मात्र लिहिलेले नसते.

अचूकतेची टक्केवारी फसवी

गुलटेकडीच्या बाजारात फळभाज्यांचे भाव 10 किलोला सांगितले जातात, तर पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांना. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बहुतेक मालाचे दर क्विंटलला असतात. चुका नेमक्या इथेच होतात.

उदाहरण घेऊ. टोमॅटोचा दर क्विंटलला 1000 ते 1500 रुपये आहे. म्हणजे 10 किलोला 100 ते 150 आणि किलोला 10 ते 15 रुपये. लेखकाने 1000 ते 1500 हाच आकडा ‘10 किलोचे भाव’ या रकान्यात टाकला, तर टोमॅटो छापला जातो किलोला 100 ते 150 रुपये. तो वाचून पुरंदरचा किंवा जुन्नरचा शेतकरी घाईने तोडणी करून टेम्पो भरू शकतो.

आता हिशेब पाहा. महिन्यात 25 बातम्या, प्रत्येकीत 20 दर, म्हणजे 500 आकडे. त्यात ही एकच चूक असेल तर अचूकता 99.8 टक्के निघते. दुसऱ्या लेखिकेच्या सहा चुका आहेत, पण सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. टक्केवारीत ती मागे पडते. म्हणून चुका मोजण्याआधी त्यांचे वजन ठरवावे लागते. एकक, अंक, माल किंवा तारीख चुकली तर ती गंभीर. शुद्धलेखनाची चूक किरकोळ. चूक डेस्कवर पकडली गेली की वाचकाच्या फोनवरून कळली, याचीही नोंद हवी. वेबवरची बातमी लगेच दुरुस्त होते, छापलेले पान होत नाही.

घड्याळ कधी सुरू करायचे?

दर हातात पूर्ण आल्यावर. आकडे दुपारी आले आणि घड्याळ सकाळपासून लावले, तर बाजाराचा उशीर लेखकाच्या नावावर पडतो.

सरासरीही जपून वापरावी. समजा पाच दिवसांत बातमीला 30, 35, 35, 40 आणि 160 मिनिटे लागली. सरासरी 60 येते, पण चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा 35 आहे आणि रोजच्या कामाचे खरे चित्र तोच देतो. 160 मिनिटांच्या दिवशी काय झाले, हे वेगळे विचारावे. दोन ठिकाणचे आकडे जुळेनात म्हणून लेखकाने आडत्यांना फोन केले असतील, तर गुण कापणे म्हणजे खातरजमा न करण्याचे बक्षीस देणे.

शून्य फेऱ्या म्हणजे उत्तम?

नाही. बातमी परत पाठवण्याऐवजी उपसंपादक स्वतःच निमूटपणे दुरुस्त करत असेल, तर नोंदीत फेऱ्या शून्यच दिसतात. त्यासाठी पहिला मसुदा आणि प्रसिद्ध झालेली बातमी शेजारी ठेवून पाहावी लागते. प्रत्येक फेरीचे कारणही लिहावे : चूक लेखकाची, सूचना बदलली, की नवी माहिती आली? पहिलीच लेखकाच्या खात्यात जाते.

संपादन करणाऱ्याची मोजणी थोडी उलटी आहे. त्याच्या हातून किती चुका निसटल्या, आणि त्याने नव्या किती घातल्या? कोथिंबिरीचा ‘शेकडा 500’ हा भाव ‘सोपा’ करताना ‘जुडी 50’ झाला, तर ती चूक संपादकाची. खरा भाव जुडीला 5 रुपये होता.

मजकूर जुळतो, पण कोणता?

साम्य तपासणारे सॉफ्टवेअर बाजारभावाच्या बातमीत हमखास मोठी टक्केवारी दाखवते, कारण भाज्यांची नावे आणि दर सगळीकडे तेच. तक्ता वगळून उरलेली पाच-सहा वाक्ये तपासली तरच उपयोग. ‘मागणी वाढल्याने भाव तेजीत’ हे वाक्य सलग दहा दिवस आले, तर कोणाला तरी विचारून लिहिले का, हा प्रश्न रास्त आहे. उचलेगिरीचा सर्वांत पक्का पुरावा मात्र साम्यात नसतो : दुसऱ्याच्या बातमीतली चूकही जशीच्या तशी आलेली असते.

एका महिन्याच्या नोंदीवर पगारवाढ ठरवू नये. गंभीर चूक क्वचित होते; 25 बातम्यांत ती झाली किंवा झाली नाही, हा योगायोगही असू शकतो. किमान सहा महिन्यांची वही हवी, आणि ती लेखकालाही दर महिन्याला दाखवलेली हवी.