बाल्कनीच्या सळया वरच का?

बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो. खोलीचा स्लॅब चारही बाजूंनी, निदान दोन बाजूंनी तुळयांवर टेकतो. तो मधोमध खाली वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि म्हणून त्यातल्या मुख्य सळया तळाशी असतात. बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली असते आणि तिची पुढची कड अधांतरी असते. भार आला की ती कड खाली जाऊ पाहते, भिंतीलगतची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. ताण घेण्याचे काम सळईचे असल्यामुळे बाल्कनीत मुख्य सळई वरच हवी.

हे ठेकेदाराला पत्रात लिहून कळवण्याची पाळी साइट इंजिनिअरवर येते ती फिटरच्या सवयीमुळे. खोल्यांच्या स्लॅबची जाळी तळाशी बांधत तो बाल्कनीपर्यंत येतो आणि तीच जाळी पुढे सरकवतो. ठेकेदाराला त्यात वावगे दिसत नाही, कारण सळई तेवढीच लागलेली असते, फक्त जागा बदललेली असते. जागा बदलल्याने काय होते, हे आकड्यांत मांडले तरच पत्राचा उपयोग होतो.

वसईतल्या पापडीसारख्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या इमारतीची एक साधी बाल्कनी उदाहरणादाखल घेऊ. ती भिंतीपासून एक मीटर बाहेर आलेली आहे, स्लॅब 150 मिमी जाडीचा आहे आणि कडेला मीटरभर उंचीचा विटांचा कठडा आहे. भिंतीच्या लांबीतला एक मीटरचा पट्टा धरला, तर स्लॅबचे स्वतःचे वजन 375 किलो, लादी-गिलाव्याचे सुमारे 100 आणि माणसे-सामानाचा भार भारतीय मानकानुसार 300 किलो. हे 775 किलो पूर्ण पट्ट्यावर पसरलेले असतात, म्हणून त्यांचे सरासरी अंतर अर्धा मीटर. कठड्याचे 250 किलो मात्र अगदी टोकाला. दोन्ही मिळून भिंतीपाशी वाकवणारा जोर सुमारे 640 किलो-मीटर, म्हणजे 640 किलो वजन एक मीटर लांब टांगल्याइतका. सुरक्षिततेसाठी तो दीडपट धरतात, म्हणजे 960.

समुद्र जवळ आहे, खारी हवा आहे. त्यामुळे आयएस 456:2000 प्रमाणे काँक्रीट एम-30 आणि सळईवरचे आवरण 45 मिमी. वरच्या बाजूला 10 मिमीच्या सळया 150 मिमी अंतराने बांधल्या तर स्लॅबची हिशेबी क्षमता सुमारे 2070 किलो-मीटर येते, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. याच सळया, याच संख्येने, नेहमीप्रमाणे तळाशी 20 मिमी आवरण देऊन बांधल्या तर क्षमता उरते फार तर 370. रोजचा भारही तिला पेलवत नाही. लोखंड किलोभरही कमी झालेले नसते. कमी झालेले असते ते ताण घेणारी सळई आणि दाब घेणारे काँक्रीट यांच्यातले अंतर, आणि स्लॅबची ताकद त्या अंतरावरच अवलंबून असते.

सळया वर बांधूनही घात होऊ शकतो. काँक्रीट टाकताना घमेली घेऊन माणसे जाळीवरूनच चालतात. वरची जाळी पायाखाली 50 मिमी दबली तर क्षमता 2070 वरून 930 वर येते. म्हणून जाळी सळईच्याच खुर्च्यांवर उभी करावी लागते. या उदाहरणात मुख्य सळईची खालची बाजू सेंटरिंगच्या फळ्यांपासून 95 मिमी वर हवी. ओतण्याच्या सकाळी टेप लावून हे माप भिंतीलगत घ्यायचे, टोकाकडे नव्हे. ये-जा करण्यासाठी जाळीला न टेकणाऱ्या फळ्या टाकल्या तर बरेच काम होते.

ताण वरच्या बाजूला येतो, हे झाडावरून सहज पटते. शेवग्याच्या फांदीवर पोर चढले की ती खोडाजवळ, वरच्या बाजूने फाटते. भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचे चित्र गॅलिलिओने 1638 साली लायडनला छापलेल्या ग्रंथात दिले. तुळई भिंतीपाशी मोडणार, हे त्याने अचूक ओळखले. मात्र सगळाच छेद ताणला जातो आणि तुळई खालच्या कडेभोवती फिरते, असे त्याने धरले. छेदाचा काही भाग ताणात आणि काही दाबात असतो, याचा बरोबर मेळ घातला 1713 साली पॅरिसच्या आंत्वान पारांने. हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असायला हवे. काँक्रीटमध्ये लोखंड घालणारा माळी जोसेफ मोनिए याचे 1867 चे पेटंट प्रसिद्ध आहे, पण त्याची जाळी बहुधा जाडीच्या मधोमध असे. लोखंड ताणाच्या बाजूलाच हवे, असे गणितासह 1886 मध्ये मांडले जर्मनीच्या माटियास क्योनेनने. आजचा प्रत्येक स्लॅब मोनिएपेक्षा क्योनेनचा जास्त ऋणी आहे.

पत्राला ठेकेदाराचे ठरलेले उत्तर असते: अशाच बाल्कन्या आधीही केल्या, सगळ्या उभ्या आहेत. हे म्हणणे खोटे नसते आणि धोका नेमका त्यातच असतो. न तडकलेले एम-30 काँक्रीट सळईच्या मदतीशिवायही थोडा ताण घेते. उदाहरणातल्या पट्ट्यात ते सुमारे 1400 किलो-मीटर पेलू शकते, आणि रोजचा जोर आहे 640. म्हणून टेकू काढल्यावरही चुकीची बाल्कनी पडत नाही. ती लोखंडावर नव्हे, काँक्रीटच्या ताणशक्तीवर तगलेली असते. पुढे काँक्रीट आकसते, ऊन-पावसात तापते-निवते आणि एक दिवस भिंतीलगत वरून बारीक भेग जाते. भेग गेली की त्या जागची काँक्रीटची ताणशक्ती शून्य. वर सळई असेल तर ती भार उचलते आणि भेग बारीकच राहते. सळई तळाशी असेल तर तोलायला 370 शिवाय काही उरत नाही. फार वाकण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही, बाल्कनी बिजागरीसारखी खाली येते. बरीच वर्षे उभी राहिलेली बाल्कनी ही सळई योग्य जागी असल्याची खूण नव्हे.

वरची सळई भिंतीपाशी संपूनही चालत नाही. बाल्कनीत ती जेवढी बाहेर असते, त्याच्या दीडपट खोलीच्या स्लॅबमध्ये आत न्यायची, म्हणजे इथे दीड मीटर. पावसाचे पाणी खोलीत येऊ नये म्हणून बाल्कनी थोडी खाली ठेवतात, तेव्हा तिची वरची सळई खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध किंवा तळाकडे जाते. तिथे सळई कशी वळवायची आणि भिंतीखालच्या तुळईला पिळवटणारा जोर कसा सोसायचा, हे नकाशावर वेगळे काढून द्यावे लागते. फिटरच्या अंदाजावर ते सोडता येत नाही.

टेकू काढण्याचा क्रमही पत्रात असतो. आधी बाहेरच्या कडेचे, मग भिंतीकडचे. उलट केले तर कड टेकलेली राहते, बाल्कनी दोन्हीकडून धरलेल्या स्लॅबसारखी मधोमध वाकते आणि तळाला ताण येतो, जिथे सळई ठेवलेलीच नसते.

जुन्या इमारतीत शंका आली तर बाल्कनीच्या वरच्या बाजूला, दाराच्या उंबऱ्याला समांतर जाणारी भेग शोधायची. ती लादीखाली लपलेली असू शकते. सळई किती खोल आहे हे काँक्रीट न फोडता आवरणमापक यंत्राने कळते, आणि खात्रीसाठी एका जागी आवरण खरवडून पाहतात. सळया तळाशीच निघाल्या तर गिलावा किंवा वरून ओतलेला पातळ थर कामाचा नाही. आधी खालून टेकू द्यायचे, बाल्कनी मोकळी करायची, आणि मग खालून लोखंडी कंस किंवा खांब द्यायचे की ती तोडून पुन्हा करायची, हे संरचना अभियंत्याने ठरवायचे.