झडपेत हरवलेले काम

कारखान्यात १० बार दाबाची कोरडी संपृक्त वाफ अर्धवट उघड्या झडपेतून १ बारवर उतरते. तिचे तापमान १८० अंशांवरून सुमारे १५० अंशांवर येते, पण उष्णता बाहेर जात नाही. किलोमागे एन्थाल्पी २,७७८ किलोज्यूलच राहते. मग हरवले काय?

दाबाच्या जोरावर वाफेने टर्बाइन फिरवले असते. झडपेत तो जोर भोवऱ्यांत आणि घर्षणात विरतो, म्हणून एन्ट्रॉपी ६.५९ वरून ७.६२ होते. ही १.०३ किलोज्यूल प्रति केल्व्हिनची वाढ भोवतालच्या ३०० केल्व्हिन तापमानाने गुणली, की किलोमागे सुमारे ३१० किलोज्यूल काम कायमचे बुडाल्याचे कळते. दाब सतत उतरवायचा असेल, तर झडपेऐवजी छोटे टर्बाइन बसवणे शहाणपणाचे.