थांबवलेला चेक आणि पुढल्या तारखेची मुदत
लेखांक सातवा

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, जेथे एकेका गाळ्यात स्टेनलेस स्टीलची पातेली, डबे आणि ताटे घडत असतात, तेथील कच्च्या मालाची खरेदी बहुधा पुढल्या तारखांच्या चेकांवर होते; माल आज उतरतो आणि दाम पुढच्या दोन-तीन महिन्यांत हप्त्याहप्त्याने चुकते होतात. जुन्या पेढ्यांवर जे काम मुदती हुंडी करीत असे तेच काम हा चेक करतो, आणि कायद्याची दृष्टीही याहून फारशी वेगळी नाही. कारण 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली अनिलकुमार सॉहनी यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, पुढल्या तारखेचा चेक त्याच्यावर लिहिलेली तारीख उगवेपर्यंत केवळ हुंडीच्या स्वरूपाचा असतो आणि त्या तारखेपासून तो खराखुरा चेक होतो.

या एका वाक्यातून मुदतीच्या प्रश्नाचा उलगडा होतो. एक कल्पित परंतु रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. पातेली करणाऱ्या एका कारखानदाराने 10 जून रोजी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून एक लाख ऐंशी हजारांचा पत्रा घेतला आणि साठ-साठ हजारांचे तीन चेक दिले: पहिला 10 जुलैचा, दुसरा 10 ऑगस्टचा, तिसरा 10 सप्टेंबरचा. चेक तीन महिने चालतो हे ऐकून असलेला मनुष्य जूनपासून महिने मोजू लागतो आणि तिसरा चेक वटण्याच्या दिवशीच बाद होणार की काय, या विवंचनेत पडतो. पण हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. चेक हाती केव्हा दिला याला मुदतीच्या दृष्टीने काही किंमत नाही. तीन महिने धावतात ते चेकवरच्या तारखेपासून, सबब 10 सप्टेंबरचा चेक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जिवंत राहतो. तो 9 डिसेंबरच्या आत बँकेत पडावा हे बरे. शेवटच्या दिवसाच्या गणनेवरून काउंटरवर हुज्जत घालण्यात कोणाचेच हित नाही. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 1 एप्रिल 2012 पासून ती तीन महिन्यांवर आली, तरी जुन्या मंडळींच्या तोंडी अजून सहा महिनेच असतात. उलटपक्षी, तारखेच्या आधी चेक भरला तर तो ‘पोस्ट-डेटेड’ असा शेरा घेऊन परत येतो. आणि बँकेने नजरचुकीने आधीच पैसे दिलेच, तर त्या चुकीची जोखीम बँकेच्या माथी असते, खातेदाराच्या नव्हे.

आता आपल्या कारखानदाराच्या अडचणीकडे वळू. दोन चेक यथास्थित वटले. परंतु ऑगस्टच्या अखेरीस शेवटची गठडी उघडली तेव्हा पत्रा ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ निघाला, यंत्राखाली घालताच पातेल्याच्या कडेला चिरा पडू लागल्या, आणि चाळीस हजारांचा माल वाया जाणार असे दिसले. तिसरा चेक व्यापाऱ्याच्या कपाटात आहे. अशा वेळी बँकेला चेकचे पैसे न देण्याचा हुकूम करता येतो, कारण चेक हा मुळात खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला हुकूमच असल्याने पैसे अदा होईपर्यंत तो मागे घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो.

हा हुकूम लेखी असावा. शाखेत नमुना मिळतो, आणि बहुतेक बँकांच्या ॲपमधूनही तो देता येतो. त्यात खाते क्रमांक, चेकचा सहा अंकी क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे दिला आणि थांबवण्याचे कारण, इतका मजकूर लागतो. यांत चेकचा क्रमांक सर्वांत महत्त्वाचा, कारण बँकेचे संगणक त्या क्रमांकावरच चेक अडवतात; एक आकडा चुकला तर भलताच चेक अडतो आणि नको असलेला वटून जातो. म्हणून क्रमांक आठवणीने लिहू नये, चेकबुकातील स्थळप्रतीवरून उतरवावा, आणि अर्जाची पोच घेताना तीवर तारखेबरोबर वेळही नोंदवून घ्यावी. फोनवरून कळवले तर लेखी अर्ज त्यामागोमाग गेलाच पाहिजे. संयुक्त खात्यात सामान्यतः कोणीही एक खातेदार चेक थांबवू शकतो, मात्र थांबवणूक उठवायला सर्वांच्या सह्या लागतात. बँक यासाठी शुल्क आकारते.

वेळेचा मुद्दा पूर्वी इतका तातडीचा नव्हता. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकची छायाप्रतिमा भरणा होताच दिवसभर सतत पुढे पाठवली जाते आणि देणाऱ्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत नकार कळवला नाही तर चेक मंजूर समजला जातो. पूर्वीसारखी रात्रभराची सवड उरलेली नाही. तेव्हा 10 सप्टेंबरचा चेक थांबवायचा तर 10 तारखेच्या सकाळची वाट पाहणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. ऑगस्टअखेरीस मनाशी ठरले की त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.

इथवरचे काम सोपे. पुष्कळ लोक मात्र समजतात की चेक थांबवला म्हणजे कज्जाही मिटला, आणि तिथेच घात होतो. कारण थांबते ती बँक, देणे थांबत नाही. कलम 138 खाली चेक न वटणे हा 1989 पासून फौजदारी अपराध आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ‘पेमेंट थांबवले’ या शेऱ्याने परतलेला चेक या कलमातून निसटतो की नाही याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली मोदी सिमेंट्सच्या प्रकरणात, आपलेच आधीचे मत बदलून, निसटत नाही असाच दिला. पुढे 2001 साली एमएमटीसीच्या खटल्यात न्यायालयाने एक दार उघडे ठेवले: खात्यात पुरेसे पैसे होते आणि चेक थांबवण्याला खरे, योग्य कारण होते, हे देणाऱ्याने सिद्ध केले तर तो सुटू शकतो. मात्र सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, कारण चेक देण्यापोटीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो.

यावरून आपल्या कारखानदाराने काय करावे ते निघते. साठ हजार रुपये त्याने खात्यात पडू द्यावेत, निदान चेक परत येईपर्यंत, म्हणजे पासबुकच त्याची साक्ष देईल. खराब मालाची छायाचित्रे, जाडी मोजल्याचा कागद आणि व्यापाऱ्याला पाठवलेले पत्र हे सारे चेक परतण्यापूर्वीच्या तारखांचे असावे. चेक परतल्यावर लिहिलेली तक्रार पश्चातबुद्धीची मखलाशी वाटते. आणि वादात असलेले चाळीस हजार सोडून उरलेले वीस हजार, ज्यांच्याबद्दल तंटाच नाही, ते त्याने बँकेमार्फत लगेच पाठवून पत्रात तसा उल्लेख करावा. 2022 सालच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, काही रक्कम आधीच चुकती झालेली असताना तशी नोंद चेकवर न करता तो पुऱ्या रकमेसाठी भरला, तर तो खऱ्या देण्याइतका राहत नाही. पुरे साठ हजार अडवून ठेवणाऱ्या देणेकऱ्याला हा आधार मिळत नाही.

एवढे करूनही व्यापाऱ्याने चेक भरला आणि तो परतला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास पुढल्या एका महिन्यात तो फिर्याद करू शकतो. या पंधरा दिवसांत गप्प बसणे हा सर्वांत महाग पडणारा आळस. कारखानदाराने वकिलामार्फत कारणासह उत्तर द्यावे, नाहीतर मौनाचा अर्थ विरुद्ध बाजूला लावला जातो. फिर्याद कोठे होते हेही पाहण्यासारखे आहे: 2015 च्या दुरुस्तीनंतर ती जेथे घेणेकऱ्याचे खाते असलेली शाखा आहे तेथील न्यायालयात होते, म्हणजे व्यापाऱ्याचे खाते मुंबईत असेल तर भाईंदरकराला दर तारखेला लोकलने मुंबई गाठणे प्राप्त.

व्यापाऱ्याने चेक भरलाच नाही आणि डिसेंबर उलटला, तर तो शिळा होतो व त्यावर कलम 138 चालत नाही. परंतु देणे शिल्लक असेल तर दिवाणी दाव्याचा मार्ग तीन वर्षे खुला राहतो. शिळ्या चेकवर नवी तारीख घालून सही करून देण्याची मुभा आहे, आणि चेकवरील ही एकच दुरुस्ती बँका स्वीकारतात. मात्र ती सही करण्यापूर्वी आपण थांबवलेले चेक कोणते याची यादी खातेदाराने काढून बघावी, कारण पुन्हा जिवंत केलेला चेक जुन्याच क्रमांकाचा असतो आणि बँकेच्या दप्तरात तो अजून अडवलेलाच असतो.

पुढील लेखांकात तारीख न घातलेल्या, तारण म्हणून दिलेल्या कोऱ्या चेकांचा विचार करू.