पहिला हप्ता कोणत्या तारखेला?

पीपीएफच्या खात्यात दोघं जण दरवर्षी दीड लाख भरतात. व्याजदर तोच, वर्षं तीच पंधरा. एक जण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे टाकून मोकळा होतो. दुसऱ्याला आठवण होते ती मार्च संपताना, ऑफिसातून करबचतीचे पुरावे मागितले जातात तेव्हा. पंधराव्या वर्षीच्या ३१ मार्चला पहिल्याच्या खात्यात दुसऱ्यापेक्षा सुमारे २ लाख ७० हजार रुपये जास्त असतात. हा आकडा येतो कुठून, ते हिशेबाच्या जुन्या कोष्टकात स्पष्ट दिसतं. मात्र कोष्टकातली नेमकी कोणती ओळ वाचायची हे माहीत हवं.

दरवर्षी ठरावीक रक्कम भरायची किंवा घ्यायची, अशा मालिकेला वार्षिकी म्हणतात. तिचे दोन प्रकार. रक्कम वर्षाच्या शेवटी पडत असेल तर ती साधी वार्षिकी, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पडत असेल तर देय वार्षिकी. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांच्या मागे, बँकेच्या परीक्षांच्या गाइडमध्ये जी कोष्टकं असतात ती बहुतेक साध्या वार्षिकीची. वर आडवे व्याजाचे दर, डावीकडे उभी वर्षं, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे एक दशांश आकडा. त्याला गुणक म्हणतात. दरसाल १ रुपया भरला तर शेवटी किती होतील, किंवा दरसाल १ रुपया मिळणार असेल तर त्या सगळ्याची आजची किंमत किती, एवढंच तो सांगतो. पुढे आपल्या रकमेनं गुणायचं.

ही युक्ती जुनी आहे. सायमन स्टेव्हिननं १५८२ मध्ये ॲन्टवर्पला व्याजाची कोष्टकं छापून बाजारात आणली, तोवर पेढीवाले असली कोष्टकं हातानं लिहून स्वतःपुरती जपत. त्यांना ती दडवून का ठेवावीशी वाटत, हे पुढच्या खंडाच्या उदाहरणात कळेल.

८ टक्क्यांच्या स्तंभातल्या पहिल्या पाच ओळी अशा :

| वर्षं | ठेवींचं भावी मूल्य | हप्त्यांचं आजचं मूल्य |
|---|---|---|
| १ | १.०००० | ०.९२५९ |
| २ | २.०८०० | १.७८३३ |
| ३ | ३.२४६४ | २.५७७१ |
| ४ | ४.५०६१ | ३.३१२१ |
| ५ | ५.८६६६ | ३.९९२७ |

भावी मूल्याच्या तिसऱ्या ओळीकडे बघा. दरवर्षीच्या शेवटी १ रुपया, असे तीन. शेवटचा रुपया आत्ताच आला, त्याला व्याज नाही, तो १ च राहिला. मधल्याला एक वर्ष मिळालं, तो १.०८ झाला. पहिल्याला दोन वर्षं मिळाली, तो १.१६६४. बेरीज ३.२४६४. कोष्टकात याहून गूढ असं काही नाही.

हेच तीन रुपये वर्षाच्या सुरुवातीला टाकले असते तर प्रत्येकाला एकेक वर्ष जास्त मिळालं असतं. म्हणून साध्या गुणकाला पुन्हा १.०८ नं गुणायचं. ३.२४६४ चे झाले ३.५०६१. आता हाच आकडा कोष्टकात शोधा. चौथ्या ओळीत ४.५०६१ आहे, बरोबर १ नं जास्त. चौथी ओळ म्हणजे या तीन रुपयांबरोबर अगदी शेवटी टाकलेला बिनव्याजी चौथा रुपया. तो वजा केला की आपला गुणक उरतो. देय वार्षिकीच्या भावी मूल्यासाठी एक ओळ खाली जा आणि १ वजा करा, हा नियम इथून येतो. गुणाकार करा किंवा ओळ बदला, उत्तर एकच. दोन्ही मात्र एकदम करू नका. परीक्षेत मार्क जातात ते बहुधा इथेच.

हातातलं कोष्टक कोणत्या जातीचं आहे हे छापलेलं नसेल तर पहिली ओळ वाचा. भावी मूल्याच्या पहिल्या ओळीत १.०००० असेल तर ते वर्षअखेरीचं, १.०८०० असेल तर सुरुवातीचं. आजच्या मूल्याच्या कोष्टकात उलटं असतं : ०.९२५९ म्हणजे वर्षअखेर, १.०००० म्हणजे सुरुवात. एक्सेलमध्येही हीच मेख आहे. `=FV(7.1%,15,-150000,0,1)` यातला शेवटचा `1` म्हणजे पैसे सुरुवातीला भरले. तो लिहिला नाही तर संगणक गुपचूप वर्षअखेर धरतो.

आता पीपीएफकडे वळू. तिथे महिन्याचं व्याज ठरतं ते ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर. ५ एप्रिलपर्यंत भरलेल्या रकमेला पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं, म्हणजे ती देय वार्षिकी झाली. २५ मार्चला भरलेल्या रकमेला त्या वर्षाचं काहीच मिळत नाही, म्हणून ती साधी वार्षिकी.

एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे, आणि तो स्तंभ कोष्टकात सापडत नाही. ७ टक्क्यांचा पंधराव्या ओळीतला गुणक २५.१२९० आहे, ८ टक्क्यांचा २७.१५२१. फरक २.०२३१. त्याचा दहावा भाग पहिल्यात मिळवला की ७.१ साठी अंदाजे २५.३३१३ येतो. मार्चवाल्याचे दीड लाख गुणिले एवढे, म्हणजे ३७,९९,६९५ रुपये. एप्रिलवाल्यासाठी गुणक आणखी १.०७१ नं गुणायचा, तो होतो २७.१२९८, रक्कम ४०,६९,४७० रुपये. अचूक सूत्रानं एप्रिलवाल्याची रक्कम ४०,६८,२०९ येते. आपला आकडा बाराशे-साडेबाराशेनं फुगला, कारण गुणक दराबरोबर सरळ रेषेत चढत नाही, किंचित खाली झुकलेल्या वक्रानं चढतो, आणि आपण दोन टोकांमध्ये सरळ काठी ठेवली. चाळीस लाखांवर एवढी चूक चालेल. स्तंभ ५ आणि १० टक्क्यांचेच असते, तर ही पद्धत वापरू नये असंच मी म्हणेन.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. मार्चवाल्यानं ते दीड लाख वर्षभर उशीखाली ठेवले नसतील. बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत त्यावर काही ना काही मिळालंच असेल. तेवढं वजा करून मगच त्याचं नुकसान मोजावं. आणि पीपीएफची पंधरा वर्षं मोजली जातात ती खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून, त्यामुळे भरणा सोळा वेळा करता येतो. त्या हिशेबाला सोळावी ओळ घ्यावी लागेल. शिवाय सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं. पंधरा वर्षं ७.१ च राहील, हे आपण फक्त कागदावर मानलेलं आहे.

आजच्या मूल्याचं कोष्टक याच्या उलट दिशेनं चालतं. समजा, तीन एकर बागायती जमीन पाच वर्षांसाठी खंडानं द्यायची आहे. खंड वर्षाला ६० हजार, दर पाडव्याला आगाऊ. कसणारा म्हणतो, "पाचही वर्षांचे आत्ताच घ्या, पण एकरकमी काय ते ठरवा." मालक ८ टक्के धरून कोष्टक उघडतो, पाचव्या ओळीतला ३.९९२७ घेतो, ६० हजारांनी गुणतो आणि २,३९,५६२ वर येतो. दोन लाख चाळीस हजारांत सौदा पटण्यासारखा दिसतो.

ओळ चुकली. पाचवी ओळ धरते की पहिला खंड पुढच्या पाडव्याला मिळेल. इथे तो आजच मिळणार होता. आजच्या ६० हजारांची किंमत आज ६० हजारच, त्यात कपात कसली? उरलेले चार हप्ते एक, दोन, तीन आणि चार वर्षांनी येतात, म्हणजे चौथी ओळ, ३.३१२१. त्यात आजचा १ मिळवा : ४.३१२१. देय वार्षिकीच्या आजच्या मूल्यासाठी एक ओळ वर जायचं आणि १ मिळवायचा. रक्कम २,५८,७२६ रुपये. चुकीच्या ओळीनं मालकाचे १९,१६४ रुपये गेले असते.

हे बरोबर आहे का, ते पैसे बँकेत ठेवून बघता येतं. २,५८,७२६ मधून आजचा खंड म्हणून ६० हजार काढले, उरले १,९८,७२६. वर्षभरानं ८ टक्क्यांनी २,१४,६२४. पुन्हा ६० हजार काढले, पुन्हा व्याज. असं करत पाचव्या पाडव्याला खात्यात ५९,९९७ रुपये ८१ पैसे असतात. शेवटचा खंड काढायला सव्वादोन रुपये कमी पडतात, ते कोष्टकात चारच दशांश छापल्यामुळे. पाचव्या ओळीच्या रकमेवर हीच कसोटी लावलीत तर शेवटी हजारोंनी पैसे कमी पडतील. कमी पडलेली रक्कम रुपया-दोन रुपयांत असेल तर गुणकाचे दशांश तोकडे. हजारांत असेल तर ओळ चुकली.

ओळ जुळली तरी स्तंभ उरतोच. मालक ८ टक्के धरतो, कारण त्याच्या हातात आलेला पैसा मुदत ठेवीत जाणार आहे. कसणाऱ्याला मात्र रोकड उभी करायला १२ टक्क्यांनी कर्ज काढावं लागत असेल, तर त्यानं १२ चा स्तंभ बघावा : चौथ्या ओळीत ३.०३७३, अधिक १, म्हणजे त्याला परवडणारी रक्कम जास्तीत जास्त २,४२,२३८. मालक २,५८,७२६ च्या खाली यायला तयार नसणार, आणि ते बरोबरच आहे. गणित कोणाचंच चुकलेलं नाही. अशा वेळी एकरकमीचा नाद सोडून दरसालचा खंडच चालू ठेवावा. याउलट मालकाच्या डोक्यावर १२ टक्क्यांचं कर्ज असेल आणि कसणाऱ्याचे पैसे ८ टक्क्यांनी पडून असतील, तर २,४२,२३८ आणि २,५८,७२६ यांच्यामधल्या कोणत्याही रकमेला दोघांचाही फायदा आहे. घासाघीस करायची ती या साडेसोळा हजारांच्या पट्ट्यात. समोरच्याचा दर काय असेल याचा अंदाज ज्याला आधी येतो, त्याच्या पदरात त्यातला मोठा वाटा पडतो.