दोन रेघांचा फोटो पाहिल्यावर

समजा, साताऱ्याकडचा एक जवान राजस्थानात तैनात आहे. 20 जानेवारी ते 2 फेब्रुवारी तो सुट्टीवर घरी होता. 12 फेब्रुवारीच्या सकाळी बायकोकडून मोबाईलवर एक फोटो येतो. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा आहेत, त्यातली दुसरी जरा फिकट. त्याचा पहिला निरोप घाईघाईत जातो: ‘अभिनंदन! आता काळजी घे. जड उचलू नकोस, दूध पी. आईला लगेच कळवलं. छोटा शिवबा येणार!’ शेवटी तीन बदाम.

यात प्रेम नाही असं कोण म्हणेल? तरीही तिला आत्ता काय वाटतंय, हे यात कुठेच विचारलेलं नाही. त्या क्षणी ती आनंदात असेल, घाबरलेली असेल, किंवा रेघ फिकट आहे म्हणून साशंकही असेल. रेघ फिकट असली तरी चाचणी सहसा होकारार्थीच धरतात. दोन दिवसांनी पुन्हा चाचणी केली की बहुधा ती ठळक दिसते.

आईला कळवण्याची घाई तर तिला फार जड जाऊ शकते. तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी बाहेर न सांगण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि तिला आधारही आहे. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा पुढे टिकत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच थांबतात. बऱ्याचदा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. बाईने काय उचललं, काय खाल्लं याच्याशी त्याचा संबंध नसतो. बातमी आधीच गावभर झाली असेल, तर दुःखाच्या दिवसांत प्रत्येकाला तोंड द्यावं लागतं ते तिला. म्हणून कोणाला, कधी सांगायचं हे तिच्यावर सोपवणं ही त्या निरोपातली सर्वांत मोठी माया.

आणि ‘शिवबा’? मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं, तेही वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर. निरोपात मात्र ते ओझं नकळत तिच्या माथी पडतं.

तोच जवान थोडं थांबून पुन्हा लिहायला बसला, तर कदाचित असं लिहील:

‘अगं, फोटो पाहिला. मोठा करून करून पाहिला. दुसरी रेघ फिकट आहे, पण आहे गं! हात थरथरतायत, चुकलं तर समजून घे. तू बरी आहेस ना? भीती वाटत असेल तर तसं सांग, माझ्यासाठी हसू नकोस. मी कुणाला बोललो नाही. तू म्हणशील तेव्हाच सांगू. दवाखान्यात जाशील तेव्हा फोन लाव, डॉक्टर काय म्हणतात ते मलाही ऐकायचंय. आज काय खावंसं वाटतंय? रात्री ड्युटी संपली की बोलतो. आज तुझ्याजवळ असायला हवं होतं.’

‘काय खावंसं वाटतंय’ हा प्रश्न फार जुना आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राजा दिलीप सुदक्षिणेचे डोहाळे तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, कारण ती लाजून स्वतः सांगत नाही. तिला माती खावीशी वाटते, हेही कालिदासाने टिपलं आहे. आजही एखादीला माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. हे रक्तातल्या लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. नवऱ्याने आपुलकीने विचारलं तर ती हे सांगेल आणि डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोचेल. रागावला तर ती लपवेल.

एका जागी मात्र दूर असलेल्या नवऱ्याचा निरोप खोल जखम करू शकतो. डॉक्टर म्हणतात, ‘जवळजवळ पाच आठवडे झाले.’ नवरा बोटं मोजतो: पाच आठवड्यांपूर्वी मी घरी कुठे होतो? पण दवाखान्यात आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. इथे पाळी 10 जानेवारीला आली होती. म्हणजे 12 फेब्रुवारीला चार आठवडे पाच दिवस झाले आणि गर्भ राहिला 24 जानेवारीच्या आसपास, तो घरी असतानाच. हे माहीत नसताना मनात आलेली शंका लिहून पाठवली की ती परत घेता येत नाही.

त्याच हिशेबाने पुढची तारीखही निघते. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की 17 ऑक्टोबर. अगदी त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होणं नेहमीचं. तेव्हा सुट्टीचा अर्ज नेमक्या 17 तारखेचा न करता ऑक्टोबरच्या सुरुवातीपासूनचा करावा, आणि तो कधी दिला तेही तिला कळवावं.